ताळेबंदातली परक्यांची ओळ

पुण्याच्या बजाज फिनसर्वचा २०२३-२४ चा एकत्रित हिशोब पाहिला, तर वर्षाचा एकूण नफा दिसतो सुमारे १५,६०० कोटी रुपये. त्याच्या लगेच खाली दोन ओळी येतात. मालकांच्या वाट्याचा नफा, सुमारे ८,१५० कोटी. आणि उरलेले जवळपास साडेसात हजार कोटी ‘नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट’चे. नफ्याचा जवळजवळ अर्धा भाग बजाज फिनसर्वच्या भागधारकांचा नाहीच, मग तो त्यांच्या पत्रकात आलाच का, हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. मी सनदी लेखापाल आहे, आणि समूहांचे हिशोब एकत्र करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना हे ‘इंटरेस्ट’ म्हणजे कुणाला तरी दिलेलं व्याज वाटतं. व्याजाशी त्याचा काही संबंध नाही. इथे इंटरेस्ट म्हणजे हिस्सा, हक्क.

तो कुणाचा, हे या उदाहरणात सरळ सांगता येतं. त्या वर्षी बजाज फायनान्सचे ५१ टक्क्यांहून थोडे जास्त शेअर बजाज फिनसर्वकडे होते, उरलेले बाजारातल्या इतरांकडे. दोन विमा कंपन्यांमध्ये ७४ टक्के फिनसर्वचे आणि २६ टक्के जर्मनीच्या अलियान्झचे. बजाज फायनान्स काय करणार हे ठरवण्याची ताकद फिनसर्वकडे पूर्ण आहे, ५१ टक्के नाही. सत्तेचे तुकडे होत नाहीत, मालकीचे होतात. त्या ओळीची सगळी कुळकथा या एका विसंगतीत आहे. मात्र ती ओळ कागदावर कुठे लिहायची, यावर हिशोबनीसांचं शंभर वर्षं एकमत होत नव्हतं, आणि तो इतिहास मला नियमांपेक्षा जास्त रंजक वाटतो.

सुरुवात अमेरिकेत झाली. एका कंपनीने दुसऱ्या कंपनीचे शेअर घेऊन बसायचं, हा प्रकार तिथे आधी सर्रास चालत नसे, कायदा आड यायचा. न्यू जर्सी राज्याने १८८९ च्या सुमारास ती मुभा दिली आणि होल्डिंग कंपन्यांचं पीक आलं. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गनने जुळवलेली युनायटेड स्टेट्स स्टील कॉर्पोरेशन. कार्नेगी स्टील, फेडरल स्टील आणि इतर अनेक कंपन्यांचे शेअर तिने घेतले, बदल्यात बहुतेकांना स्वतःचे शेअर आणि रोखे दिले. ती स्वतः पोलाद गाळत नव्हती. भट्ट्या, खाणी, रेल्वे, बोटी सगळं उपकंपन्यांच्या नावावर.

आता अशा कंपनीचा स्वतःचा ताळेबंद कसा दिसेल? मालमत्तेच्या बाजूला एकच भलीमोठी ओळ: उपकंपन्यांचे शेअर, इतक्या कोटी डॉलरचे. गोदामात किती माल आहे, उपकंपन्यांनी किती कर्ज काढलं आहे, यातलं काहीही नाही. कायद्याने हा ताळेबंद शंभर टक्के बरोबर, आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने कोरा कागद. नफातोटा पत्रक तर आणखी फसवं. त्यात फक्त उपकंपन्यांकडून आलेला लाभांश दिसणार, आणि तो किती जाहीर करायचा हे ठरवणारे तेच संचालक. उपकंपनी तोट्यात गेली तरी जुन्या साठ्यातून लाभांश काढून वरच्या कंपनीचा नफा हसरा ठेवता येतो.

यू. एस. स्टीलने तसं केलं नाही. १९०२ च्या भागधारकांच्या सभेत प्राइस वॉटरहाऊस ही पेढी लेखापरीक्षक म्हणून निवडली गेली. तिच्या अमेरिकेतल्या कामाची सूत्रं नुकताच इंग्लंडहून आलेला आर्थर लोज डिकिन्सन सांभाळत होता, आणि एकत्रित हिशोबाचा तो खंदा पुरस्कर्ता होता. त्या वर्षाच्या अहवालात सगळ्या उपकंपन्यांच्या भट्ट्या, माल, देणी एकाच ताळेबंदात आली. तेव्हा अमेरिकेत शेअर बाजारावर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा नव्हती आणि असं करण्याची सक्तीही नव्हती.

त्या ताळेबंदाची बेरीज सुमारे १५० कोटी डॉलर होती. देण्यांच्या बाजूला आधी कॉर्पोरेशनचं स्वतःचं भांडवल, आणि त्याखाली एक चिमुकली नोंद: उपकंपन्यांचे जे शेअर कॉर्पोरेशनकडे नाहीत त्यांची रक्कम, सुमारे २ लाख १६ हजार डॉलर. अदलाबदलीत काही थोडे शेअर हाती आलेच नव्हते, त्यांची ही नोंद. १५० कोटींच्या पत्रकात दोन लाख म्हणजे ताटातलं मीठसुद्धा नाही. ती वगळली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण वगळता येत नव्हती, कारण उपकंपन्यांची मालमत्ता शंभर टक्के मोजली होती. एका बाजूला पूर्ण मोजलं की दुसऱ्या बाजूला परक्यांचा वाटा लिहावाच लागतो, नाहीतर बेरीज जुळत नाही, किंवा जुळते ती परक्याचा पैसा स्वतःचा म्हणून दाखवल्यामुळे जुळते.

मात्र ती रक्कम दर्शनी मूल्याने लिहिली होती. म्हणजे शंभर डॉलरचा शेअर शंभरानेच धरला. त्या शेअरवाल्यांच्या वाट्याला येणारा साठलेला नफा त्या ओळीत नाही. इतक्या छोट्या रकमेत हे खपून गेलं. परक्यांचा वाटा ४० टक्के असता, तर खपलं नसतं.

तो कसा मोजायचा हे एका काल्पनिक उदाहरणाने दाखवतो. आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत. कोल्हापूरकडची एक यंत्रं बनवणारी कंपनी आहे. तिने एका फाउंड्रीचे ६० टक्के शेअर ७२ कोटींना घेतले. फाउंड्रीची मालमत्ता १४० कोटी, देणी ४० कोटी, म्हणजे निव्वळ मालमत्ता १०० कोटी. ६० टक्क्यांचे होतात ६०, मोजले ७२, वरचे १२ कोटी गुडविल. खरेदीनंतर यंत्रवाल्या कंपनीच्या स्वतःच्या ताळेबंदात फाउंड्रीचे शेअर ७२, इतर मालमत्ता ३२८, कर्ज १५० आणि भागधारकांचा निधी २५० कोटी आहे.

एकत्र करताना आधी ७२ ची ओळ काढून टाकायची. समूहाने स्वतःतच गुंतवणूक केली, असं म्हणण्यात अर्थ नाही. तिच्या जागी फाउंड्रीची पूर्ण मालमत्ता येते, ६० टक्के नव्हे. ३२८ अधिक १४० अधिक गुडविल १२, एकूण ४८०. दुसऱ्या बाजूला देणी १५० अधिक ४०, म्हणजे १९०. मालकांचा निधी २५०. बेरीज झाली ४४०, आणि ४० कोटी कमी पडतात. हे ४० म्हणजे फाउंड्रीच्या १०० कोटींतला बाहेरच्यांचा ४० टक्के वाटा. ती ओळ लिहिली की दोन्ही बाजू ४८० वर येतात.

इथे हुशार विद्यार्थी हटकून विचारतो की मग मालमत्ताच ६० टक्के का नाही धरायची? म्हणजे १४० ऐवजी ८४, देणी ४० ऐवजी २४, परक्यांचा प्रश्नच मिटला. गणित जुळतं. पण फाउंड्रीतल्या एका भट्टीचे साठ टक्के कसे दाखवणार? यंत्रवाली कंपनी ती भट्टी चालू-बंद करते तेव्हा पूर्ण भट्टी चालू-बंद करते. फाउंड्रीने बँकेचे ४० कोटी थकवले, तर बँक ४० कोटींसाठी दार ठोठावणार आहे, २४ साठी नाही. संचालकांच्या हातात किती साधनं आहेत आणि त्यांवर किती बोजा आहे हे दाखवायचं, तर पूर्णच दाखवावं लागतं.

वर्षभरात फाउंड्रीला २० कोटी नफा झाला आणि तिने ५ कोटी लाभांश वाटला, असं समजा. त्या लाभांशातले ३ कोटी मूळ कंपनीला मिळाले. ते समूहाच्या उत्पन्नात येत नाहीत, कारण या खिशातून त्या खिशात गेले. २ कोटी मात्र खरोखर बाहेर गेले. परक्यांची ओळ ४० वरून सुरू झाली, नफ्याचे ८ वाढले, लाभांशाचे २ घटले, झाले ४६.

आता एक वळण. फाउंड्रीने ८ कोटींत बनवलेले कास्टिंग मूळ कंपनीला १० कोटींना विकले, आणि ३१ मार्चला ते सगळे मूळ कंपनीच्या गोदामात पडून आहेत. फाउंड्रीच्या वहीत २ कोटी नफा लिहिला गेला, पण समूहाने बाहेरच्या कुणाला एक किलोही विकलेलं नाही. म्हणून एकत्र करताना तो नफा काढायचा. नफा फाउंड्रीने नोंदवला होता, म्हणून काढलेल्या दोन कोटींतले ८० लाख परक्यांच्या वाट्यातूनही जातात. ओळ होते ४५.२ कोटी. प्रत्यक्ष कामात नेमकी इथेच गडबड होते. स्प्रेडशीटमध्ये समूहाच्या नफ्यातून दोन कोटी वजा होतात आणि परक्यांचा वाटा मागच्या आकड्यावर तसाच राहतो. ती पकडायची युक्ती साधी आहे. वर्षअखेरीची फाउंड्रीची निव्वळ मालमत्ता घ्या: १०० अधिक २० वजा ५, म्हणजे ११५. त्यातून अडकलेला नफा २ काढा, ११३. त्याचे ४० टक्के ४५.२. वरून खाली आणि खालून वर हा आकडा जुळला नाही, तर पुढची पानं वाचण्यात अर्थ नाही.

भारतात ही सगळी कसरत फार उशिरा आली. ब्रिटनने १९४८ च्या कंपनी कायद्याने समूहाचे हिशोब सक्तीचे केले होते, आणि आपला १९५६ चा कायदा बराचसा त्यावर बेतलेला होता. पण या बाबतीत आपण वेगळी वाट धरली. आपल्या कलम २१२ ने सांगितलं की मूळ कंपनीच्या ताळेबंदाला प्रत्येक उपकंपनीचा ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि अहवाल जोडा. एकत्र करा, असं म्हटलं नाही. परिणामी दहा उपकंपन्या असलेल्या समूहाचा वार्षिक अहवाल विटेसारखा जाड व्हायचा, आणि बेरीज वजाबाकी ज्याची त्याने करायची. ३१ मार्चच्या तोंडावर मूळ कंपनीने आपल्याच उपकंपनीला माल ‘विकला’, तर तो नफा मूळ कंपनीच्या पत्रकात सन्मानाने बसायचा. जोडलेले कागद ओळीओळीने ताडून पाहिले तरच संशय यायचा, आणि ते करणारे भागधारक किती असणार?

हे बदललं २००१ मध्ये. सनदी लेखापालांच्या संस्थेचं एएस २१ हे मानक १ एप्रिल २००१ पासून लागू झालं आणि सेबीने नोंदणीकृत कंपन्यांना एकत्रित हिशोब बंधनकारक केले. सगळ्या कंपन्यांसाठी कायद्यातच तरतूद व्हायला २०१३ उजाडलं, कलम १२९ चं उपकलम ३. जुनं कलम २१२ पूर्ण गेलं असंही नाही. उपकंपन्यांचा गोषवारा देणारा एओसी-१ हा फॉर्म अजून ताळेबंदाला जोडावा लागतो. मला तो आवडतो. बेरजेत विरघळलेली उपकंपनी तिथे पुन्हा वेगळी दिसते.

एएस २१ मध्ये या ओळीचं नाव होतं ‘मायनॉरिटी इंटरेस्ट’, आणि तिची जागा मोठी चमत्कारिक होती. देण्यांत नाही, मालकांच्या निधीतही नाही, दोन्हीच्या मधे, वेशीबाहेर. जगभर साधारण हीच स्थिती होती आणि त्यामागे कारण होतं. समूहाचा ताळेबंद म्हणजे मूळ कंपनीच्या भागधारकांसाठी काढलेलं मोठं चित्र, असं मानलं तर बाहेरचे ते बाहेरचेच. पण त्यांना देणेकरी म्हणावं, तर त्यांचे पैसे परत करायची तारीख नाही, व्याज नाही, ते कोर्टात वसुली मागू शकत नाहीत. म्हणून मधे.

याच्या उलट बाजू अमेरिकन प्राध्यापक मॉरिस मूनिट्झ यांनी १९४४ मध्ये एका पुस्तिकेत मांडली होती. त्यांच्या मते समूह हीच एक संस्था, आणि तिला भांडवल पुरवणारे दोन गट: मूळ कंपनीचे भागधारक आणि उपकंपन्यांचे बाहेरचे भागधारक. दोघेही मालकच, फक्त एकाच्या हाती सुकाणू आहे. हा विचार साठ वर्षं ग्रंथालयात पडून होता म्हटलं तरी चालेल. आंतरराष्ट्रीय मानकांनी २००३ मध्ये ही ओळ इक्विटीत हलवली. २००८ मध्ये नावही बदललं, कारण सत्ता आणि शेअरची टक्केवारी यांची गाठ पक्की नाही. कमी शेअर असूनही एखाद्याच्या हाती सत्ता असू शकते, आणि तेव्हा ‘अल्पसंख्य’ म्हणवला जाणारा गट संख्येने मोठा निघतो. अमेरिकेने डिसेंबर २००७ मध्ये मानक क्रमांक १६० काढून तेच केलं. भारतातल्या मोठ्या कंपन्यांपर्यंत हे इंड एएस ११० मधून २०१६ पासून पोचलं.

ओळ दोन इंच सरकली, एवढंच वरवर दिसतं. पण बँकेच्या करारात ‘कर्ज निधीच्या दुपटीहून जास्त नसावं’ अशी अट असेल आणि निधीची व्याख्या ढिली लिहिलेली असेल, तर परक्यांचे ४५ कोटी एका रात्रीत निधीत जमा होतात आणि कंपनी सुदृढ दिसू लागते. ते ४५ कोटी मूळ कंपनीचं कर्ज फेडायला उपलब्ध नसतात. दुसरा परिणाम बारीक आहे. फाउंड्रीचे आणखी १० टक्के शेअर बाहेरच्यांकडून विकत घेतले, तर तो आता दोन मालकांमधला व्यवहार ठरतो. नवं गुडविल नाही. ६० वरून ५५ वर आले आणि भरपूर किंमत मिळाली, तरी नफातोटा पत्रकात एक रुपया नफा नाही, फरक सरळ निधीत जातो. सत्ता सुटली, तरच नफा. माझ्या मते हा या बदलातला सगळ्यात चांगला भाग. पूर्वी थोडे थोडे शेअर विकून नफ्याची खिरापत वाटणारे समूह होते.

पण तोट्याच्या बाबतीत मला जुना नियम जास्त प्रामाणिक वाटतो. समजा पुढे फाउंड्री बुडत गेली आणि तिची निव्वळ मालमत्ता उणे ३० कोटी झाली. एएस २१ म्हणायचं की परक्यांचा वाटा शून्यावर थांबवा. त्यापुढचा तोटा मूळ कंपनीच्या मालकांच्या माथी लिहा, आणि पुढे नफा झालाच, तर आधी त्यांचा तोटा भरून काढा. इंड एएस ११० म्हणतं, परकेही मालक आहेत, त्यांच्या नावावर उणे १२ कोटी लिहा. तर्क मूनिट्झशी सुसंगत आहे. पण मर्यादित दायित्वाच्या कंपनीत बाहेरचा भागधारक शेअरचे पैसे बुडाले की हात झटकून मोकळा होतो. तो १२ कोटी घेऊन येणार नाही. फाउंड्रीच्या कर्जाला हमी दिलेली असते ती बहुधा मूळ कंपनीने, आणि बँकेचा फोन तिच्याच वित्त संचालकाला येतो. तरीही पत्रकात मालकांचा तोटा बारा कोटींनी हलका दिसतो.

म्हणून एखाद्या समूहाच्या अहवालात ही ओळ उणे दिसली, तर मी पहिल्यांदा टिपांमधली हमींची यादी उघडतो आणि त्या उपकंपनीचं नाव शोधतो. नंतर एओसी-१ मध्ये तिचा निधी किती उणे आहे ते पाहतो. हमी मूळ कंपनीची असेल, तर परक्यांच्या नावावरचे उणे कोटी पेन्सिलीने मालकांच्या निधीतून वजा करतो आणि मगच पुढचं गुणोत्तर काढतो. बजाज फिनसर्वसारख्या नफ्यातल्या समूहात उलटी काळजी घ्यावी लागते. प्रतिशेअर नफा फक्त ८,१५० कोटींवर काढलेला असतो. कुणी मथळ्यातला १५,६०० कोटींचा आकडा घेऊन शेअरच्या भावाला भागला, तर शेअर आहे त्याच्या जवळजवळ निम्म्या किमतीला मिळतो आहे, असं त्याला वाटेल.